दिवाणजींचा ‘निरंक’: पंप-पाइपच्या एका पेढीचं टॅक्स ऑडिट

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या टोकाला पाण्याचे पंप, पीव्हीसी पाइप आणि फिटिंग विकणारं दुकान आहे. भागीदारी पेढी. दोघं भाऊ आणि थोरली वहिनी असे तीन भागीदार, काउंटरवर थोरल्याचा मुलगा, गोदामावर चार माणसं आणि हिशेबाला वीसेक वर्षांचे जुने दिवाणजी. ओळख पटू नये म्हणून गाव, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. गुंते मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या ऑडिटसाठी मी गेलो तेव्हा दिवाणजींनी फॉर्म ३सीडीचा, म्हणजे टॅक्स ऑडिटचे तपशील भरायच्या फॉर्मचा, कच्चा मसुदा तयार ठेवला होता. या फॉर्ममध्ये ४४ क्लॉज आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक क्लॉजपुढे एकच शब्द होता: निरंक. दिवाणजींचा हेतू वाईट नव्हता. गेल्या वर्षी तिथं तेच होतं, त्याच्या आदल्या वर्षीही तेच होतं, म्हणून यंदाही तेच. पण ३सीडी हे पेढीने स्वतः दिलेलं निवेदन असतं. ऑडिटर ते तपासून ‘खरं आणि बरोबर’ असल्याचं मत फॉर्म ३सीबीमध्ये देतो. म्हणजे ‘निरंक’ हेही निवेदनच झालं, आणि ते चुकलं तर माहिती चुकीची दिली असा त्याचा अर्थ होतो. छोट्या पेढ्यांच्या ऑडिटमध्ये मला लपवलेली विक्री क्वचित सापडते. चुकीचा ‘निरंक’ जवळजवळ दरवर्षी सापडतो.

ऑडिट लागतं की नाही

पहिला प्रश्न थोरल्या भावांनीच काढला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. “साहेब, मर्यादा दहा कोटींची झाली म्हणतात. आमची विक्री चार कोटी शहाऐंशी लाख. मग ऑडिट कशाला?”

दहा कोटींची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एबीमधली मूळ मर्यादा एक कोटीचीच आहे. वर्षभरातल्या एकूण जमेत रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल आणि एकूण खर्चातही रोखीचा वाटा पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तरच ती दहा कोटींवर जाते. दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. अण्णांची देणी जवळपास सगळी बँकेतून गेली होती. पण बागायतदार शेतकरी ऊस किंवा द्राक्षाचे पैसे हातात आले की रोखीनेच पंप घेतो. वर्षाची एकूण जमा ५ कोटी ७० लाख, त्यात रोख ५८ लाख, म्हणजे १० टक्क्यांच्या वर. यूपीआय आणि बँक खात्यातली थेट जमा रोखीत मोजायची नाही. उलट ‘अकाउंट पेयी’ नसलेला चेक रोखीतच मोजायचा. हा हिशेब मांडून दाखवला आणि विषय तिथंच संपला. अंदाजित नफ्याच्या कलम ४४एडीचा रस्ताही या पेढीला खुला नव्हता. त्याची वरची मर्यादा दोन कोटींची आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींची आहे.

ऑडिट लागत असूनही करून घेतलं नाही, तर कलम २७१बीखाली विक्रीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतली कमी असेल ती रक्कम दंड म्हणून बसू शकते. इथं ती दीड लाख झाली असती.

बँकेला एक स्टॉक, आयकराला दुसरा

व्यापारी पेढीत मी आधी शिल्लक माल पाहतो. नफा तिथंच वरखाली होतो. दिवाणजींच्या ताळेबंदात ३१ मार्चचा स्टॉक ९२ लाख ४० हजारांचा होता. पेढीची बँकेत कॅश क्रेडिट मर्यादा आहे, म्हणून दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. मी मार्च महिन्याची प्रत मागितली. त्यात त्याच तारखेचा स्टॉक होता १ कोटी १८ लाख.

२५ लाख ६० हजारांचा हा फरक चौकशीत अधिकाऱ्याच्या हाती पहिल्यांदा लागतो. त्याचं स्पष्टीकरण नसेल तर ती न दाखवलेली गुंतवणूक मानली जाऊ शकते, आणि २०२४-२५ च्या अशा रकमेवर कलम ११५बीबीईखाली अधिभार आणि सेससह ७८ टक्के कर लागतो. पुष्कळ व्यापारी “बँकेसाठी जरा वाढवून दिलाय” एवढंच सांगून मोकळे होतात. ते उत्तर दोन्हीकडे घातक आहे: बँकेला खोटं सांगितल्याची कबुली होते आणि आयकरात फरक तसाच उभा राहतो.

म्हणून दोन्ही याद्या वस्तूवार समोरासमोर ठेवल्या. बँकेची यादी धाकट्या भावाने संगणकातल्या स्टॉक रजिस्टरवरून काढली होती. वर्षअखेरची यादी गोदामात प्रत्यक्ष मोजून केली होती. नगांचे आकडे बहुतेक ठिकाणी जुळले. फरकाची कारणं तीन निघाली.

पहिलं कारण, बँकेच्या यादीतल्या किमती जीएसटी धरून होत्या आणि ताळेबंदातल्या जीएसटी वगळून. या मालावर जीएसटी १८ टक्के. म्हणजे बँकेच्या १ कोटी १८ लाखांतला मूळ माल १ कोटीचा. फरक आता ७ लाख ६० हजारांवर आला.

दुसरं कारण खरं महत्त्वाचं निघालं. कंपनीने २९ मार्चला ६ लाख १० हजारांचे पंप ट्रान्सपोर्टकडे दिले होते. बिल त्याच दिवशी खरेदीला नोंदलं गेलं. माल गोदामात पोचला २ एप्रिलला. मोजणी ३१ मार्चची, म्हणून तो यादीत नव्हता. खरेदी खर्चात आली पण माल शिलकीत आला नाही, आणि नफा थेट ६ लाख १० हजारांनी कमी दिसला. सौद्याच्या अटी पाहिल्या. माल कंपनीच्या दारातून उचलला की जोखीम पेढीची, असं त्यात स्पष्ट होतं. म्हणजे ३१ मार्चला वाटेवरचा माल पेढीचाच होता. खाती अजून सहीला यायची होती, त्यामुळे पुस्तकातच दुरुस्ती केली. याच बिलाचं जीएसटी क्रेडिट मार्चच्या विवरणात घेतलं होतं, हेही तेव्हा कळलं. कंपनीच्या दारातच माल सोपवायच्या अशा सौद्यात तो तिथंच मिळाला असं जीएसटीतही मानतात, त्यामुळे तिकडे दुरुस्ती करावी लागली नाही.

उरले दीड लाख. मोजणीच्या यादीत काही जुने सिंगल फेज पंप खरेदीच्या २ लाख ३० हजारांऐवजी ८० हजारांना धरले होते. खरेदी किंमत किंवा विकून हाती येईल ती किंमत, यांतली कमी ती धरायची, हा नियम बरोबर आहे. पण ‘जुने झालेत’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. मे महिन्यात त्याच मॉडेलचे तीन पंप कितीला गेले, ती बिलं मागवली. भाव जुळला आणि घट मान्य केली. ती बिलं ऑडिटच्या फाइलमध्ये लावून ठेवली.

आता ३सीडीकडे येऊ. क्लॉज १४मध्ये स्टॉक मोजण्याची पद्धत लिहायची असते आणि कलम १४५एपासून काही वेगळं केलं असेल तर तेही सांगायचं असतं. दिवाणजींनी तिथं ‘निरंक’ लिहिलं होतं. कलम १४५ए म्हणतं, खरेदी, विक्री आणि स्टॉक कर धरून मांडा. जवळपास सगळे व्यापारी कर वगळून मांडतात. पूर्ण क्रेडिट मिळत असेल तर नफ्यावर परिणाम शून्य येतो, पण पद्धत वेगळी आहे हे सांगणं आणि दोन्ही बाजूंचे आकडे मांडून तो शून्य दाखवणं आवश्यक आहे. क्लॉज ३५मध्ये मुख्य वस्तूंचे नग द्यायचे: सुरुवातीचे, खरेदीचे, विक्रीचे आणि शेवटचे. “वस्तू फार, देणं अशक्य” हे वाक्य मी अनेक फॉर्मांत वाचलं आहे. ज्या पेढीचा संगणक बँकेसाठी वस्तूवार यादी काढतो, तिने ते लिहू नये. इथं पंप नगांत आणि पाइप मीटरमध्ये दिले, फिटिंगचा एक गट केला आणि तो गट केल्याचं नमूद केलं.

सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची देणी

या देण्यांच्या क्लॉज २२वर सगळ्यात जास्त वेळ गेला. कलम ४३बीमध्ये (एच) हा उपखंड वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून लागू आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातल्या मुदतीत दिलं नाही, तर ते ज्या वर्षी प्रत्यक्ष दिलं त्याच वर्षी खर्च म्हणून मिळतं. लेखी करार असेल तर मुदत करारातली, पण जास्तीत जास्त ४५ दिवस. करार नसेल तर १५ दिवस. मोजणी बिलाच्या तारखेपासून करायची नसते, माल स्वीकारल्याच्या दिवसापासून करायची असते.

दिवाणजींचं म्हणणं, “आपल्याला कोण लघु आणि कोण मोठा, कसं कळणार? म्हणून निरंक टाकलं.” वाटणं स्वाभाविक आहे, पण सूक्ष्म-लघु उद्योगांच्या नोंदणीचा उद्यम क्रमांक बहुतेकांच्या बिलावर खाली छापलेला असतो. आम्ही ३१ मार्चला शिल्लक असलेल्या सगळ्या पुरवठादारांना एक साधं पत्र पाठवलं. त्यात उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागितली आणि तुम्ही उत्पादक आहात की व्यापारी, हे विचारलं. दहा दिवसांत बहुतेकांची उत्तरं आली. त्यांतली तीन खाती इथं पुरेशी आहेत.

पहिलं जळगावच्या पाइप उत्पादकाचं. लघु उद्योग. दोघांच्या सहीच्या ऑर्डरमध्ये ६० दिवसांची उधारी. माल २२ जानेवारी २०२५ ला उतरला. मूळ किंमत ८ लाख ४० हजार, जीएसटी धरून ९ लाख ९१ हजार. करारात ६० असले तरी कायदा ४५ वरच थांबतो, म्हणून मुदत संपली ८ मार्चला. पैसे गेले १२ एप्रिलला. ३१ मार्चला देणं थकलेलं होतं, म्हणून ८ लाख ४० हजार या वर्षी अमान्य. जीएसटीचा भाग मी धरला नाही, कारण तो खर्चात टाकलेलाच नव्हता.

अण्णांना हे पटायला वेळ लागला. “जीएसटीचं तर विवरण भरायच्या तारखेपर्यंत दिलं तरी चालतं ना?” हो, जीएसटीसारख्या करांना ती सवलत आहे. (एच)ला नाही. १२ एप्रिलला, अगदी बाराव्या दिवशी पैसे दिले, तरी ते २०२५-२६ चं देणं ठरलं. त्या दिवशी अण्णा बराच वेळ गप्प होते. वाटाघाटीत मिळवलेली ६० दिवसांची उधारी आपल्यावरच उलटली, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि मलाही ते समजत होतं.

दुसरं कोल्हापूरच्या एका छोट्या पंप उत्पादकाचं. सूक्ष्म उद्योग, लेखी करार नाही. माल २४ मार्चला आला, ३ लाख २० हजारांचा. १५ दिवसांची मुदत ८ एप्रिलला संपते. पैसे ५ एप्रिलला गेले. ३१ मार्चला शिल्लक दिसत असली तरी मुदत संपलेली नव्हती आणि देणं मुदतीतच झालं. इथं काहीच अमान्य होत नाही. मी असेही फॉर्म पाहिले आहेत जिथं भीतीपोटी ३१ मार्चची सगळी शिल्लक उत्पन्नात मिळवून टाकली होती. त्यात पेढीचं नाहक नुकसान होतं.

तिसरं सांगलीच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं. जानेवारीपासून ११ लाख थकलेले, आणि त्याच्या बिलावर उद्यम क्रमांक. दिवाणजी म्हणाले, हे तर नक्कीच अडकलं. पण व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा देण्याचं संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. प्रमाणपत्रावर ‘ट्रेडिंग’ लिहिलेलं होतं, त्यामुळे ही रक्कम सुटली. म्हणून पत्रात उत्पादक की व्यापारी हा प्रश्न हवाच.

उशिरा दिलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज पुरवठादाराला देय असतं. जळगावच्या देण्यावर मार्चअखेरपर्यंत ते सुमारे १२ हजार होत होतं. पेढीने ते ना दिलं होतं ना खर्ची टाकलं होतं, म्हणून उत्पन्नात मिळवायचं काही नव्हतं. खर्ची टाकलं असतं तर मात्र ते कधीच मान्य झालं नसतं, अगदी दिल्यावरही नाही. मार्च २०२५ मध्ये फॉर्म बदलल्यापासून क्लॉज २२मध्ये या व्याजाखेरीज सूक्ष्म आणि लघु उद्योगांना वर्षभरात देय असलेली रक्कम, त्यातली मुदतीत दिलेली आणि मुदतीत न दिल्याने अमान्य झालेली असे आकडे स्वतंत्र मागितले जातात. म्हणजे ज्या वर्षी काहीच अमान्य होत नाही, त्या वर्षीही पहिला आकडा शून्य नसतो.

घरची माणसं आणि टीडीएस

क्लॉज २३मध्ये कलम ४०ए(२)(बी)खालच्या व्यक्तींना दिलेल्या रकमा लिहायच्या असतात. इथंही ‘निरंक’. काउंटरवर बसणारा थोरल्याचा मुलगा २ लाख ४० हजार पगार घेतो, दुकानाची जागा वडिलांच्या नावावर आहे आणि त्यांना भाडं जातं, वहिनींच्या आईने १ एप्रिल २०२४ ला चेकने ४ लाख पेढीला वापरायला दिले आणि १२ टक्क्यांनी ४८ हजार व्याज घेतलं. भागीदारांचं व्याज आणि पगारही याच यादीत येतात.

वहिनींना हे आवडलं नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता, “पोरगा सकाळी आठला शटर उघडतो. त्याचा पगार काय चोरीचा आहे का?” त्यांना समजावलं की, वहिनी, इथं लिहिलं म्हणजे अमान्य झालं असं नाही. बाजारभावापेक्षा जास्त दिलं असेल तर तो जादा भाग अमान्य होतो, आणि तेही अधिकाऱ्याने दाखवून दिलं तर. आठ तास काउंटर सांभाळणाऱ्याला महिना वीस हजार कोणी जास्त म्हणणार नाही. पण ‘निरंक’ लिहून नंतर सापडलं, तर रास्त पगारही लपवल्यासारखा दिसतो.

याच ४ लाखांनी आणखी एक चूक दाखवली. क्लॉज ३१मध्ये वर्षात घेतलेली २० हजारांपासून पुढची कर्जं लिहायची असतात. लोकांना वाटतं, फक्त रोखीची लिहायची. चेकने घेतलेलंही लिहायचं असतं. फरक इतकाच की ते बँकेतून आलं हे पुढच्या रकान्यात नोंदवल्यावर प्रश्न उरत नाही.

व्याजावर टीडीएस कापला नव्हता. त्या वर्षी मर्यादा ५ हजारांची होती. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर आधीच्या वर्षाची विक्री पाहतात, भागीदारी पेढीला ती सूट नाही. यापेक्षा जास्त वेळा सापडणारी चूक डिलिव्हरीच्या टेम्पोत होती. टेम्पोचं कर्ज बँकेचं नव्हतं, एका वित्तसंस्थेचं होतं. हप्ता खात्यातून आपोआप जातो, त्यात व्याज आहे याकडे कोणी पाहत नाही. बँकेच्या व्याजावर टीडीएस लागत नाही, बिगर बँकिंग वित्तसंस्थेच्या व्याजावर लागतो. वर्षाचं व्याज ९६ हजार. दोन्ही मिळून १ लाख ४४ हजार, आणि कलम ४०(ए)(आयए)खाली त्याचे ३० टक्के, म्हणजे ४३ हजार २०० अमान्य.

यातून सुटण्याचा कायदेशीर मार्ग आहे. घेणाऱ्याने ते व्याज आपल्या विवरणात दाखवून कर भरला असेल आणि त्याच्याकडच्या सनदी लेखापालाने फॉर्म २६एमध्ये तसा दाखला दिला, तर अमान्यता टळते. वित्तसंस्थेकडून तो मिळवायला पेढीने दोन पत्रं पाठवली, पण मुदतीत मिळाला नाही. म्हणून आम्ही रक्कम मिळवली. क्लॉज ३४मध्ये टीडीएस ‘कापला नाही’ असंच लिहिलं आणि क्लॉज २१मध्ये अमान्य रक्कम दाखवली. हे दोन क्लॉज एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि क्लॉज २१मधली अमान्य रक्कम विवरणात मिळवली नाही तर विवरणावर प्रक्रिया होतानाच नोटीस निघते.

रोखीचे तीन हप्ते

रोकडवही मी सलग वाचतो, नमुन्याने नाही. या आकाराच्या पेढीत एक दिवस पुरतो. दहा हजारांवरच्या रोख खर्चात काही सापडलं नाही, वाहतूकदारांना दिलेली रोख ३५ हजारांच्या आत होती. पण जमेच्या बाजूला दोन गोष्टी निघाल्या.

एका शेतकऱ्याला बोअरचा पंप आणि पाइप मिळून २ लाख ३६ हजारांचं एक बिल केलं होतं. पैसे रोख आले, सलग तीन दिवस: ८० हजार, ८० हजार, ७६ हजार. दिवाणजींनी अभिमानाने सांगितलं, “दोन लाखांच्या आत राहावं म्हणून तीन दिवसांत घेतले.” कलम २६९एसटी तीन बाजूंनी पाहतं: एका दिवसात एका माणसाकडून, एका व्यवहारापोटी, आणि एका प्रसंगाशी निगडित. दिवस पाळला, पण बिल एकच, म्हणजे व्यवहार एकच. दोन लाख किंवा त्याहून जास्त झाले की उल्लंघन झालं, हप्ते कितीही केले तरी. त्यासाठी दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, १५ ऑगस्टला मित्राकडून रोख ६० हजार उसने आणि ऑक्टोबरात रोखच परत. घेताना कलम २६९एसएस आणि देताना २६९टी, दोन्हीकडे मर्यादा २० हजारांची. हंगामाच्या तोंडावर कंपनीला आगाऊ रक्कम भरायची होती आणि सुट्टीमुळे बँक बंद, असं धाकट्या भावाने सांगितलं. सबळ कारण असेल तर दंड टळू शकतो, कलम २७३बीमध्ये तशी तरतूद आहे. पण ते कारण अधिकाऱ्यापुढे मांडायचं असतं. फॉर्ममध्ये व्यवहार लिहायचा की नाही, हे त्यावर ठरत नाही.

इथं अण्णांनी मला बाजूला बोलावलं. “साहेब, एवढे दोन राहू द्या. कोणाला कळणार आहे?” मी त्यांना सरळ सांगितलं, “अण्णा, तुमच्याच रोकडवहीत तारखेसह लिहिलेलं आहे. मी वाचलं आहे. आता ते वगळून ‘खरं आणि बरोबर’ लिहिणं मला जमणार नाही.” चुकीच्या अहवालासाठी कलम २७१जेखाली मला होणारा दंड दहा हजारच आहे, पण सहीसोबत यूडीआयएन हा त्या अहवालाचा ओळख क्रमांक जातो आणि सनदी लेखापालांच्या संस्थेपुढे उत्तर मला द्यायचं असतं. मसुद्यात दोन्ही व्यवहार तारीख, रक्कम आणि पद्धतीसह लिहिले. शेतकऱ्याचा पॅन मिळाला, तोही टाकला. अण्णांनी नंतर पोर्टलवर मंजुरी दिली, पण त्या दिवशी चहा न घेता गेले.

आकडा कुठं आला

भागीदारांचं व्याज वजा करून आणि पगारापूर्वी दिवाणजींचा नफा १४ लाख २० हजार होता. त्यात वाटेवरचा माल ६ लाख १० हजार, जळगावचं देणं ८ लाख ४० हजार आणि टीडीएसचे ४३ हजार मिळवले. झाले २९ लाख १३ हजार. दोघा भावांना मिळून करारनाम्याप्रमाणे १२ लाख पगार आहे. वहिनी काम पाहत नाहीत, त्यांना पगार नाही. दिवाणजींच्या आकड्यावर पगाराची मर्यादा १० लाख ३२ हजार येत होती: पहिल्या सहा लाखांवर ९० टक्के आणि उरलेल्यावर ६० टक्के. त्यांनी १ लाख ६८ हजार स्वतःच अमान्य धरले होते. नफा वाढल्यावर मर्यादा १९ लाखांच्या पुढे गेली आणि पूर्ण १२ लाख मान्य झाले. ही मर्यादा सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर शेवटी काढायची असते. दिवाणजींनी ती आधी काढली होती.

पेढीचं करपात्र उत्पन्न ३ लाख ८८ हजारांवरून १७ लाख १३ हजारांवर गेलं. ३० टक्के आणि सेस धरून कर सुमारे ४ लाख १३ हजारांनी वाढला. यात जळगावच्या ८ लाख ४० हजारांचा भाग एका वर्षापुरता आहे. तो २०२५-२६ मध्ये वजावट म्हणून परत येईल, पण आपोआप नाही. पुस्तकात ती खरेदी २०२४-२५ चीच आहे, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या नफा-तोट्यात ती कुठेच दिसणार नाही. पुढच्या ३सीडीत कलम ४३बीच्या क्लॉजमध्ये, ‘आधीच्या वर्षी मान्य न झालेली आणि या वर्षी दिलेली’ या रकान्यात ती लिहावी लागेल आणि विवरणात वेगळी वजा घ्यावी लागेल. तो कागद मी दिवाणजींच्या समोरच पुढच्या वर्षाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावला. त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, “क्लॉज २६, निरंक नाही.”